बाळाचा डोस तपासायचा कसा: भागाकार करा, चूक कुठली ते तोच सांगतो

मुलांच्या वॉर्डात नवीन ड्युटी लागली की पहिले आठ-दहा दिवस सगळ्या जणी शिरेला घाबरतात, एवढासा हात, एवढीशी शीर, सुई जाणार कशी. ती भीती हात बसला की जाते. डोसची मात्र कुणाला भीती वाटत नाही, कारण डोस डॉक्टरांनी लिहिलेला असतो, आपण फक्त भरायचा आणि द्यायचा असं डोक्यात असतं. मोठ्यांच्या वॉर्डात हे एकवेळ खपतं, तिथे दहापट डोस द्यायचा तर दहा गोळ्या फोडाव्या लागतील, हात आपोआप अडतो. मुलांमध्ये दहापट डोससुद्धा त्याच एका बाटलीत मावतो, हात कुठेच अडत नाही, म्हणून अडवायचं काम आपल्याला मुद्दाम करावं लागतं.

मी चौदा वर्षं मुलांच्या वॉर्डात आहे आणि नव्या मुलींना हे शिकवताना एकच केस घेते, कारण त्यात वजन, पॉइंट आणि युनिट तिन्ही एकत्र आलेत. बाळाचे बाकीचे तपशील बदललेत, आकडे आणि हिशेब मात्र तसेच.

पाच महिन्यांचं बाळ. हृदयाच्या पडद्याला भोक, म्हणजे आपण व्हीएसडी म्हणतो ते, त्यात हार्ट फेल्युअर, दूध ओढताना दमतंय, कपाळाला घाम, बरगड्या आत जातायत. पीएचसीहून चिठ्ठी घेऊन आई आणि आजी रात्री साडेदहाला आल्या, कॅज्युअल्टीत कॉम्प्युटरवर एंट्री झाली, रेसिडेंट डॉक्टरांनी ऑर्डर टाकली आणि बाळ वर आलं. ट्रीटमेंट शीटवर हे होतं:

```
Wt 8.6 kg
Syp. Digoxin .43 mg BD
Inj. Furosemide 8.6 mg IV BD
```

बघायला काहीच वावगं नाही. वजन आहे, औषध आहे, डोस आहे, सही आहे. आता याची तपासणी कशी करायची ते एकेक करून सांगते.

पहिलं काम म्हणजे शीट उलटी ठेवायची. अगदी खरोखर उलटी, टेबलावर पालथी. लिहिलेला डोस आधी बघितला की आपलं डोकं त्या आकड्याकडे ओढलं जातं, मग आपण कॅल्क्युलेटर हातात घेतो पण उत्तर तेच यावं म्हणून बटणं दाबतो, आणि नाही आलं तर "माझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणून परत दाबतो, तिसऱ्या वेळी बरोब्बर तेच उत्तर येतं. मी स्वतः हे केलंय. म्हणून शीटवरून फक्त औषधाचं नाव घ्यायचं, वजन आणि डोस दोन्ही घ्यायचे नाहीत, आणि आपला हिशेब कोऱ्या कागदावर करायचा.

दुसरं काम वजन. नव्या मुली इथे सगळ्यात कमी वेळ देतात आणि मी सगळ्यात जास्त देते, कारण डोसचा गुणाकार कितीही बरोबर केला तरी वजन चुकलेलं असेल तर चूक नीट गुणून पुढे जाते. वजनाला तीन प्रश्न विचारायचे: हे कोणी केलं, कधी केलं, आणि आकडा कुठून कुठे उतरवला. या बाळाचं वजन कॅज्युअल्टीत केलेलंच नव्हतं. गर्दी होती, बाळ धापत होतं, चिठ्ठीवर वजन होतं तेच टाइप केलं. आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं "४.६ किलो". मराठी चार. घाईत लिहिलेल्या मराठी चाराची वरची टोकं जवळ आली की तो हुबेहूब इंग्रजी 8 दिसतो, झालं, ४.६ चे 8.6 झाले.

ही आपल्याकडची खास चूक आहे, कुठल्या परदेशी पुस्तकात ती सापडणार नाही. आशाताईंच्या नोंदी, अंगणवाडीचं कार्ड, पीएचसीची चिठ्ठी यात आकडे मराठी असतात आणि आपल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी. मराठी ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो, मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ५ घाईत लिहिला की 4 सारखा वाटतो. एकाच कागदावर दोन्ही लिपीतले आकडे असले तर अजून मजा, तारीख इंग्रजीत आणि वजन मराठीत, मग डोळा इंग्रजीच्या गिअरमध्ये असताना मराठी आकडा वाचतो. चिठ्ठीवरचा आकडा मनात न वाचता मोठ्याने मराठीत वाचायचा, "चार पूर्णांक सहा", अर्धा घोटाळा तिथेच मिटतो.

बरं, कॉम्प्युटर का नाही थांबवत? कारण 8.6 किलो हे वजन पाच महिन्यांच्या बाळाला अशक्य नाही. 86 टाकलं असतं तर कुणीही हसून दुरुस्त केलं असतं. धोका असतो तो शक्य वाटणाऱ्या चुकीच्या आकड्यात. म्हणून वजनाचा ताळा वयाशी लावायचा. सोपं सूत्र आपल्याला कॉलेजात शिकवलेलंच आहे, तीन ते बारा महिन्यांपर्यंत महिन्यांत नऊ मिळवायचे आणि दोनाने भागायचं. पाच अधिक नऊ चौदा, भागिले दोन, सात किलो. हे अंदाजे वजन आहे, यावरून कधीच डोस काढायचा नाही, फक्त ताळा. सात किलो अपेक्षित आणि लिहिलेत 8.6, म्हणजे गुटगुटीत बाळ पाहिजे. समोर बघितलं तर मांड्यांना सुरकुत्या, बरगड्या दिसतायत, व्हीएसडी आणि फेल्युअर असलेलं बाळ, जे पाच मिनिटं दूध ओढू शकत नाही, ते सरासरीपेक्षा दीड किलो वर कसं असेल? इथेच शंका यायला पाहिजे.

दुसरा ताळा जन्माच्या वजनाचा. आईच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड असतंच, ते मागायचं. "ताई, बाळाचं कार्ड द्या जरा", आजी लगेच काढून देतात. यावर जन्माचं वजन २.७ किलो होतं. साधारण पाच महिन्यांना जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, म्हणजे हे बाळ ठणठणीत असतं तरी ५.४ च्या आसपास असतं. 8.6 म्हणजे तिप्पटीहून जास्त, पाच महिन्यांत. शक्यच नाही.

मग शेवटचा आणि खरा उपाय, स्वतः वजन करा. काटा सपाट जागी, आधी शून्य, कपडे काढून, ओलं डायपर काढून. सलाइनच्या हाताला बांधलेली पट्टी काढता येत नाही तेव्हा तसलीच दुसरी पट्टी वेगळी वजन करून वजा करायची. धापणाऱ्या बाळाला वजनासाठी फार वेळ ऑक्सिजनवरून काढायचं नाही, दोघींनी मिळून अर्ध्या मिनिटात उरकायचं, आणि अगदीच सिरियस असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. काट्याच्या स्क्रीनवर आकड्यासोबत युनिट काय दिसतंय तेही बघायचं, बऱ्याच डिजिटल काट्यांना किलो आणि पाउंड बदलायचं बटण असतं आणि बाळ ठेवताना त्याला कोपर लागतं. पाउंडवर गेला असता तर हेच बाळ साधारण 10.1 दिसलं असतं. नवजात बाळांच्या काट्यावर ग्रॅम दिसतात, तिथे 2850 चे 28.5 करणारेही महाभाग मी पाहिलेत.

आमच्या काट्यावर ४.६ आलं. पन्नास-शंभर ग्रॅमसाठी भांडत बसू नका, तेवढ्याने डोस फारसा हलत नाही. भांडायचं ते दीडपट, दुप्पट फरकासाठी.

तिसरं काम म्हणजे आपला हिशेब. डिगॉक्सिनचा रोजचा, म्हणजे मेन्टेनन्सचा तोंडावाटे डोस या वयाला आमच्या वॉर्डाच्या तक्त्यात किलोमागे दिवसाला १० मायक्रोग्रॅम, दोन वेळांत विभागून असा आहे. तुमच्याकडचा तक्ता थोडा वेगळा असू शकतो, तोच वापरा, आठवणीतला आकडा वापरू नका, मीसुद्धा दर वेळी तक्ता उघडून बघते. बघताना बोट ठेवायचं ते "दिवसाला" की "एका डोसला" या शब्दावर. पॅरासिटामॉल किलोमागे एका डोसला लिहिलेलं असतं, अँटिबायोटिक बऱ्याचदा किलोमागे दिवसाला, आणि डोळा फक्त आकडा उचलतो, शब्द सोडून देतो.

४.६ गुणिले १० म्हणजे दिवसाला ४६ मायक्रोग्रॅम. भागिले दोन, एका वेळी २३ मायक्रोग्रॅम. शीटवर मिलिग्रॅममध्ये लिहिलंय म्हणून आत्ताच एकदा युनिट बदलून घ्यायचं. हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम, म्हणून पॉइंट तीन घरं डावीकडे. २३ चे आधी २.३, मग ०.२३, मग ०.०२३. एकेक घर कागदावर लिहून सरकवा, मनात सरकवू नका, कारण मधलं एक घर खाल्लं की बरोबर दहापट चूक होते आणि आकडे तर तेच दिसतात, दोन आणि तीन. पॉइंटच्या चुकीचा चकवाच हा आहे, त्यात आकडे ओळखीचे असतात, म्हणून डोळा "हो हो, तेच आहे" म्हणून पुढे जातो.

तर आपलं उत्तर एका वेळी ०.०२३ मिलिग्रॅम. आता शीट सुलटी करा.

शीटवर `.43 mg`. आता आपलं आणि त्यांचं उत्तर नुसतं "वेगळं आहे" म्हणून सोडायचं नाही, भागायचं. लिहिलेला डोस भागिले आपला डोस. माझी सगळी पद्धत या एका भागाकारात आहे. एक किंवा एकच्या अगदी जवळ आलं तर ठीक. तसं नसेल तर जो आकडा येतो तो बऱ्याचदा चूक कुठली ते सांगतो. बरोबर १० किंवा १०० आलं तर पॉइंट सरकलाय. १००० आलं तर मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची अदलाबदल. २.२ आलं तर पाउंडचं वजन किलो म्हणून धरलंय. बरोबर २, ३ किंवा ४ आलं तर दिवसाचा डोस एका वेळेला लिहिलाय. आणि असलं काही गोल उत्तर न येता १.३, १.८७ असं वेडंवाकडं आलं तर बहुतेक वजन चुकलंय. एकपेक्षा कमी आलं तर हेच सगळं उलट, ०.१ म्हणजे पॉइंट दुसऱ्या बाजूला सरकलाय आणि बाळाला औषध पोचतच नाहीये, ती चूक तर आरडाओरडा करत नाही म्हणून जास्त दिवस चालते.

या केसमध्ये ०.४३ भागिले ०.०२३ केलं तर जवळपास १८.७ येतं. आता हे गोल नाही, दहा नाही, दोन नाही. अशा वेळी दुसरं औषध बघायचं. फ्युरोसेमाइड किलोमागे १ मिलिग्रॅम एका डोसला, म्हणजे आपल्या हिशेबाने ४.६ मिलिग्रॅम, लिहिलेत 8.6. भागाकार १.८७. आणि १८.७ म्हणजे बरोबर दहा गुणिले १.८७. आता गाठ सुटली. १.८७ दोन्ही औषधांत आहे, म्हणजे ती चूक दोघांच्या वरची, वजनाची, ४.६ च्या जागी 8.6. उरलेले दहा फक्त डिगॉक्सिनमध्ये आहेत, म्हणजे ती त्या एका ओळीतली पॉइंटची चूक. डॉक्टरांनी 8.6 किलोवर हिशेब बरोबर केला होता, ४३ मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.043 mg, लिहिताना शून्य गळलं आणि .43 झालं.

दोन चुका एकत्र आल्या की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. नुसती वजनाची चूक असती तर पावणेदोन पटीच्या थोडं वर, नुसती पॉइंटची असती तर दहापट, दोन्ही मिळून जवळजवळ एकोणीसपट. आणि डिगॉक्सिन हे असलं औषध नाही की थोडं जास्त गेलं तर जुलाब होऊन सुटेल, त्याच्या उपयोगाच्या आणि विषारी पातळीत अंतर फार कमी असतं. बाळाला उलट्या होतात, दूध घेत नाही, नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात. त्यात उलट्या आणि दूध न घेणं तर फेल्युअरच्या बाळाला आधीच असतं, म्हणजे लक्षणं बघून ओळखू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

इथे नव्या मुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, सुरुवातीचा लोडिंग डोस असेल तर? तो तर जास्तच असतो ना?" प्रश्न बरोबर आहे, आणि असा प्रश्न मनात येऊन तिथेच गप्प बसणं जास्त घातक. म्हणून तोही हिशेब करून टाका. पूर्ण लोडिंग किलोमागे ४५ मायक्रोग्रॅम धरलं, तेही पूर्ण दिवसाचं तुकड्या-तुकड्यात द्यायचं, तरी ४.६ किलोला एकूण २०७ मायक्रोग्रॅम होतात. शीटवर एका वेळचेच ४३० आहेत. म्हणजे लोडिंग म्हणूनही बसत नाही, शिवाय रोज दोन वेळा लिहिलंय, लोडिंग असं लिहीत नाहीत.

अजून एक झटपट ताळा आहे, कागद पेनसुद्धा नको. डिगॉक्सिनची मोठ्यांची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची असते. ०.४३ म्हणजे पावणेदोन गोळ्या, एका वेळी, दिवसातून दोनदा, साडेचार किलोच्या जिवाला. मोठ्या माणसाच्या डोसशी तुलना करायची सवय लावा. बाळाचा डोस मोठ्यांच्या जवळ जरी गेला तरी थांबायचं.

चौथं काम मिलिग्रॅमचं एमएल करणं, आणि यासाठी बाटली हातात पाहिजे, आठवण नको. आमच्याकडचं मुलांचं डिगॉक्सिनचं सिरप एमएलला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅमचं आहे. २३ भागिले ५० म्हणजे ०.४६ एमएल. एक एमएलच्या सिरिंजमध्ये अर्ध्याच्याही आत. आणि शीटप्रमाणे भरायचं ठरवलं असतं तर ४३० भागिले ५०, म्हणजे ८.६ एमएल. एक एमएलच्या सिरिंजने नऊ वेळा भरावं लागलं असतं. हा हात अडायचा शेवटचा मोका असतो, आणि यात एक वाईट सवय आडवी येते. सिरिंज पुरत नाही म्हटल्यावर काही जणी काही विचार न करता दहा एमएलची सिरिंज उचलतात. औषधाला सिरिंज पुरत नसेल, किंवा एका डोसला दोन व्हायल फोडाव्या लागत असतील, तर मोठी सिरिंज शोधू नका, शीट परत बघा.

मिलिग्रॅम बरोबर असूनही या पायरीवर पाय घसरतो तो स्ट्रेंथवरून. याला अमिकासिनसारखं उदाहरण नाही. १०० मिलिग्रॅम, २५० मिलिग्रॅम आणि ५०० मिलिग्रॅम, तीन व्हायल, आणि तिन्हीत द्रव २ एमएलच. याच बाळाला किलोमागे १५ प्रमाणे ६९ मिलिग्रॅम लागले तर १०० च्या व्हायलमधून १.३८ एमएल निघतील. रोजची १०० ची व्हायल संपली, स्टोअरमधून ५०० ची आली, आणि कालच्या सिस्टरने सांगितलंय "१.३८ काढायचं", तर जातील ३४५ मिलिग्रॅम, पाचपट. शीटवरचे मिलिग्रॅम बरोबर असल्यामुळे वरचा भागाकार ही चूक पकडणारच नाही. म्हणून ओव्हर देताना एमएल सांगायचेच नाहीत, मिलिग्रॅम सांगायचे, आणि एमएल प्रत्येकीने हातातल्या व्हायलवर वाचून स्वतः काढायचे.

आता पाचवं काम, डॉक्टरांना फोन. चूक सापडली म्हणून शीटवर स्वतः पॉइंट टाकायचा नाही, कितीही खात्री असली तरी. डोस थांबवायचा आणि फोन करायचा. रात्री अकरा वाजता रेसिडेंट वैतागलेले असतात, त्यामुळे "सर, डोस जास्त वाटतोय" असं म्हटलंत तर "मी बघितलंय सिस्टर, द्या" एवढं ऐकून फोन बंद होईल. वाटतोय बिटतोय नको, आकडे सांगायचे. मी काय म्हटलं ते जवळपास असं होतं:

"सर, बेड सातचं व्हीएसडीचं बाळ. शीटवर वजन एट पॉइंट सिक्स आहे, मी आत्ता केलं, चार किलो सहाशे ग्रॅम आहे. पीएचसीच्या चिठ्ठीवरही मराठी चार आहे, आठ नाही. डिगॉक्सिन पॉइंट फोर थ्री मिलिग्रॅम लिहिलंय, माझ्या हिशेबाने तेवीस मायक्रोग्रॅम येतंय, एकोणीसपट फरक आहे. डोस दिलेला नाही. तुम्ही वर येऊन बघाल का?"

दोन सेकंद शांतता, मग "आलो सिस्टर". ते आले, स्वतः हिशेब केला आणि ऑर्डर नवीन लिहिली.

फोनवर दुरुस्ती घ्यायची वेळ आलीच तर मायक्रोग्रॅममध्ये, पूर्ण आकड्यात घ्यायची. "पॉइंट झिरो टू थ्री" मध्ये झिरो ऐकू आलाच नाही तर? "तेवीस मायक्रोग्रॅम" मध्ये पॉइंटच नाही, सरकणार काय. आणि फिफ्टीन की फिफ्टी हा घोळ तर रोजचा, म्हणून परत म्हणून दाखवायचं, "वन फाइव्ह, पंधरा, बरोबर?"

जुनी ओळ नुसती गिरवून त्यावर नवीन आकडा बसवायचा नाही, आडवी रेघ मारून, सही करून खाली नवीन लिहून घ्यायची. नवीन अशी होती:

```
Wt 4.6 kg = 4600 g, weighed in ward 10:55 pm
Syp. Digoxin 0.05 mg/ml
23 mcg = 0.46 ml PO 12 hourly
Inj. Furosemide 4.6 mg IV 12 hourly
```

यात बघण्यासारखं बरंच आहे. पॉइंटच्या आधी शून्य आहे, कारण `.43` मधला टिंब कार्बन कॉपीवर उमटला नाही की ते 43 होतं. पॉइंटच्या नंतर फुकटचं शून्य नाही, `5.0` लिहिलं की कुणीतरी 50 वाचणारच. मायक्रोग्रॅमला `mcg` लिहिलंय, `µg` नाही, कारण हाताने लिहिलेला म्यू आणि m रात्रीच्या उजेडात सारखेच, आणि ती चूक हजारपटीची. डिगॉक्सिनचे मायक्रोग्रॅम आणि एमएल दोन्ही शेजारी आहेत, म्हणजे पुढच्या शिफ्टची मुलगी एका नजरेत ताळा करू शकते. वजन कुठे आणि किती वाजता केलं तेही आहे.

हे झाल्यावर एक काम उरतंच आणि तेच नेहमी विसरतात, कॉम्प्युटरमधलं वजन बदलायचं. शीट दुरुस्त झाली, डोस दुरुस्त झाला, सगळे खूश, पण सिस्टममध्ये 8.6 तसंच बसलेलं असतं आणि उद्या सकाळी ताप आला की पॅरासिटामॉल त्यावरच निघतं, सलाइनचा रेट त्यावर निघतो. वजनाची चूक एका औषधाची कधीच नसते. एका बाळाचं वजन चुकलेलं सापडलं की त्याच्या नावावरची प्रत्येक ओळ परत तपासायची, आणि आधी काही दिलं गेलंय का तेही, कॅज्युअल्टीत दिलेल्या पहिल्या डोससकट. या बाळाला खाली काही दिलं नव्हतं, नशीब.

दुसरीकडून तपासून घेताना तिला तुमचा कागद दाखवू नका. "बघ गं, पॉइंट फोर सिक्स बरोबर आहे ना?" असं विचारलं की ती हो म्हणणार, तिला तिचं काम आहे. तिला फक्त वजन, औषध आणि बाटली द्यायची आणि म्हणायचं, किती येतं सांग. तिचं उत्तर तुमच्याशी जुळलं तर ती तपासणी, नाहीतर ती नुसती दुसरी सही.

या पद्धतीने काय सापडत नाही तेही सांगते, म्हणजे तिच्यावर नको तितका भरवसा टाकणार नाही. औषधच चुकीचं लिहिलं असेल तर भागाकार सुंदर एक येईल. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा किडनीचं काम कमी असेल तर तक्त्यातला नेहमीचा आकडाच त्याला जास्त होतो, तिथे क्रिएटिनिन बघून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. डिगॉक्सिनला पोटॅशियम कमी झालं की बरोबर डोससुद्धा बाधतो, आणि फ्युरोसेमाइड पोटॅशियम कमी करतं, म्हणून ही जोडी चालू असली की पोटॅशियमचा रिपोर्ट विचारायचा, आणि प्रत्येक डोसआधी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजायचे. आमच्याकडे एवढ्या बाळाचे ठोके १०० च्या खाली असले तर डोस न देता आधी फोन. आणि दुसऱ्या टोकाला मोठी मुलं, तिथे किलोचा गुणाकार आंधळेपणाने करायचा नाही. ७५ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल १५ ने गुणलं तर ११२५ मिलिग्रॅम येतं, पण मोठ्या माणसाचाच एका वेळचा कमाल डोस १००० आहे, म्हणजे तिथे थांबायचं.

बाळ नऊ दिवसांनी घरी गेलं. तेव्हा वजन ४.७ होतं आणि सरांनी डोस तोच ठेवला. आईला एक एमएलच्या सिरिंजवर मार्करने खूण करून दिली, तिच्या हाताने साध्या पाण्याने तीनदा भरून घेतली, कारण घरी गेल्यावर आजी म्हणणार, "एवढंसं औषध? चमचाभर दे". आजींनाही समोर बसवलं आणि सांगितलं, आजी, या औषधाला चमचा लावायचा नाही, डोस चुकला तर दुप्पट करून द्यायचा नाही, आणि बाळ उलट्या करायला लागलं तर पुढचा डोस न देता इकडे घेऊन यायचं. आणि पीएचसीला परतीची चिठ्ठी लिहिली तेव्हा त्यावर वजन आकड्यात लिहून शेजारी अक्षरातही लिहिलं, चार किलो सातशे ग्रॅम, तारखेसकट. तेव्हापासून आमच्या वॉर्डातून जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर वजन चेकच्या रकमेसारखं अक्षरात लिहितो.